‘जर’पेक्षा क्रियापद महत्त्वाचं: उपदेशाची एक कविता, इच्छेची एक कविता

यावेळी नेहमीपेक्षा वेगळा विषय आहे. माझं एमएस्सी संख्याशास्त्रात झालंय आणि सध्याची पीएचडीही त्याच वाटेवरची. त्यामुळे ‘जर–तर’ हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. पण हा लेख सुचला तो मामेभावाच्या एका मेसेजमुळे.

त्याचा प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि हवे तेवढे गुण आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. मामांनी घरच्या ग्रुपवर रडयार्ड किपलिंगच्या ‘इफ’ या कवितेचा कुणीतरी केलेला मराठी गद्य अनुवाद टाकला होता. खाली भावाने विचारलं होतं: “ताई, बाबा मला हे सांगतायत की बोलतायत?”

‘सांगणं’ आणि ‘बोलणं’ यांतला फरक मराठी घरात वाढलेल्या कुणालाही समजावून द्यावा लागत नाही. पण एकाच मजकुरातून दोन्ही अर्थ निघतात कसे? त्याचं उत्तर शोधायला मी ती कविता वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारली. पद्धत साधी आहे. तुमच्यापैकी जे भाषा-साहित्यात संशोधन करणार आहेत त्यांना ती थेट उपयोगी पडेल, इतरांनाही बहुधा पडेल.

आधी थोडं व्याकरण

शाळेत क्रियापदाचे चार ‘अर्थ’ शिकवतात, ते आठवा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे संकेतार्थाचं ठरलेलं उदाहरण. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. तेव्हापासून आपण ही विभागणी जवळपास त्याच नावांनी शिकतोय. पण परीक्षेत फक्त ‘अर्थ ओळखा’ एवढंच विचारतात, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते. मराठीत अट घालायचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा सूर वेगळा आहे.

ही चार वाक्यं मोठ्याने वाचून बघा:

‘तू वेळेवर आलास तर आपण जेवायला जाऊ.’
‘तू वेळेवर येशील तर जेवायला नेईन.’
‘तुला वेळेवर येता आलं तर आपण जेवायला जाऊ.’
‘तू वेळेवर आला असतास तर आपण जेवायला गेलो असतो.’

पहिलं वाक्य साधं, उघडं आहे. रूप भूतकाळाचं असलं तरी गोष्ट पुढची आहे आणि दोन्ही शक्यता शिल्लक आहेत. दुसऱ्यात भविष्यकाळ अटीतच शिरला, की वाक्याला सौद्याचा किंवा तंबीचा वास येतो. तिसऱ्यात ‘तू’चा ‘तुला’ झाला. येणं ही आता फक्त त्याची करणी उरली नाही. बस चुकू शकते, काम निघू शकतं, आणि बोलणाऱ्याने हे आधीच मान्य केलंय. चौथ्यात दार बंद आहे. तो आला नाही आणि जेवणही झालं नाही. पहिल्या तिन्हींना मी पुढे ‘उघडी अट’ म्हणेन आणि चौथीला ‘बंद अट’.

गंमत अशी की या चारही वाक्यांत ‘जर’ हा शब्दच नाही. बोलताना आपण तो बहुतेक वेळा गाळतो, अटीचं काम क्रियापद आणि ‘तर’ मिळून करतात. म्हणून कुणी मराठी कवितांतल्या अटींवर काम करायचं ठरवलं आणि संगणकावर फक्त ‘जर’ शोधला, तर निम्मं पीक शेतातच राहील. इंग्रजीतही हाच धोका आहे, तो पुढे दिसेल.

किपलिंगचं लांबलेलं वाक्य

किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याची ‘इफ’ १९१० साली ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ या पुस्तकात आली. कविता ३२ ओळींची, आठ-आठ ओळींची चार कडवी. ‘इफ’ने सुरू होणाऱ्या अटी मोजल्या तर १३ भरतात. मुख्य वाक्य, म्हणजे ‘तर’ नंतरचा भाग, येतो थेट ३१व्या ओळीत. म्हणजे ३० ओळी नुसत्या अटी. हे सगळं कोणाला उद्देशून चाललंय तेही कवितेच्या अगदी शेवटी कळतं: बाप मुलाला सांगतोय.

आता हे अंतर दुसऱ्या एका उपदेशाशी ताडून बघा. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ २०५ आहेत. त्यातला दुसरा श्लोक बहुतेकांना पाठ असतो. तिथे पहिल्या ओळीत काय करावं ते विध्यर्थात येतं आणि त्याचं फळ लगेच दुसऱ्या ओळीत. सांगणं आणि फळ यांत एका ओळीचंही अंतर नाही. शिवाय रामदास बोलतात स्वतःच्या मनाशी; ऐकणारा बाजूला बसून ऐकतो. किपलिंगकडे ऐकणारा समोर उभा आहे आणि फळ ३० ओळी दूर आहे.

या अंतराचा परिणाम वाचताना शरीरावर होतो. व्याकरणाचं वाक्य अपुरं असेल तर मन ते धरून ठेवतं. पहिली अट हातात घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली, कुठेच खाली ठेवायला जागा नाही. कविता ज्या धीराची मागणी करते, तो धीर ती वाचणाऱ्याकडून वाचता वाचताच वसूल करते. माझ्या मते ही कवितेची खरी ताकद आहे. तिचे विचार तसे ओळखीचे आहेत. खुद्द किपलिंगनेही आत्मचरित्रात ते द्यायला सोप्या अशा उपदेशांतच जमा केलेत. पण हे वाक्य पेलणं सोपं नाही.

दुसरी गोष्ट: १३ पैकी ११ अटी ‘तू हे करू शकलास तर’ अशा घडणीच्या आहेत. ‘केलंस तर’ आणि ‘करू शकलास तर’ यांत फरक आहे. पहिल्यात कृती मागितली जाते, दुसऱ्यात कुवत. कृती आज केली नाही तर उद्या करता येते. कुवतीवर प्रश्न आला की माणूसच तपासला जातो. म्हणून या कवितेचा उपदेश उघड्या अटीत असूनही परीक्षेसारखा वाटतो.

उरलेल्या दोन अटी चौथ्या कडव्यात आहेत, आणि तिथे कर्ता ‘तू’ नाही. शत्रू किंवा जिवलग मित्र तुला दुखवू शकत नसतील तर, आणि सगळे तुझ्या लेखी मोलाचे असले पण कुणी एकच फार नसेल तर, अशा त्या अटी आहेत. कविता मला इथे कमी पडते असं वाटतं. आधीच्या अटींत मुलाने काहीतरी करायचं आहे. तिसऱ्या कडव्यात तर चित्र अगदी नेमकं आहे: जिंकलेलं सगळं एका डावावर लावून हरणं, पुन्हा शून्यापासून लागणं आणि त्या तोट्याबद्दल चकार शब्द न काढणं. ते डोळ्यांसमोर येतं. पण जवळच्या माणसानेही दुखवता येऊ नये ही अट पाळायची कशी? जो मुलगा ती पुरी करेल त्याच्याशी बापाला तरी बोलता येईल का? अटींची यादी जुळवण्याच्या ओघात कवितेने इथे स्वतःच्याच नात्यावर पाय दिलाय.

येट्सची कविता: ‘जर’ नाही, तरी अट आहे

आता इच्छेकडे येऊ. डब्ल्यू. बी. येट्सची ‘ही विशेस फॉर द क्लॉथ्स ऑफ हेवन’ ही कविता १८९९च्या ‘द विंड अमंग द रीड्स’ या संग्रहातली. फक्त आठ ओळींची. आकाशाची भरजरी वस्त्रं माझ्याकडे असती तर ती तुझ्या पायांखाली घातली असती. पण मी गरीब, माझ्याकडे आहेत फक्त स्वप्नं. असा तिचा आशय.

या कवितेत ‘इफ’ हा शब्दच नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी आणलं की ‘इफ’शिवाय बंद अट तयार होते, आणि येट्स सुरुवातच तशी करतो. शब्द शोधत गेलं असतं तर ही कविता जाळ्यातून निसटली असती. क्रियापद शोधलं तर पहिल्याच शब्दात सापडते.

तिची क्रियापदं क्रमाने बघा. पहिल्या चार ओळींत बंद अट आणि त्या वस्त्रांचं वर्णन. पाचवीत ‘तर’चा भाग. सहावीत ‘पण’ येतं आणि रूप बदलून साधा वर्तमानकाळ, म्हणजे स्वार्थ. सातवीत काम पूर्ण झाल्याचं सांगितलं जातं. आठवीत आज्ञार्थ, कारणासकट. संकेतार्थ, स्वार्थ, आज्ञार्थ: आठ ओळींत तीन ‘अर्थ’, आणि सूर त्याच क्रमाने स्वप्नातून कबुलीत आणि कबुलीतून विनवणीत उतरतो. कविता पाचव्या ओळीला थांबली असती तर ती नुसती हळहळ झाली असती. ‘माझ्याकडे असतं तर दिलं असतं’ हे आपण कुणालाही म्हणतो, त्यात आपलं काही जात नाही. सहाव्या ओळीपासून बोलणारा खरोखरच काहीतरी देतो, म्हणून शेवटचं मागणं त्याला शोभतं.

मराठीत आणताना इथे एक अडचण येते आणि एक लाभ होतो. अडचण अशी: ‘पैसे असते तर गाडी घेतली असती’ हे वाक्य आपण आजच्या नसण्याबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीच्या नसण्याबद्दलही. इंग्रजीत या दोन्हींची रूपं वेगळी आहेत आणि येट्सने आजचं रूप वापरलंय. आपल्याकडे दोन्हींना एकच रूप, त्यामुळे अनुवादात आजची ओढ कालच्या पश्चात्तापासारखी ऐकू येण्याचा धोका असतो. अनुवादकाला मग ‘आत्ता’, ‘या घडीला’ असा एखादा शब्द घालून काळ धरून ठेवावा लागतो.

लाभ मात्र मोठा आहे. पाचव्या ओळीचं क्रियापद मराठीत होईल ‘अंथरली असती’ आणि सातवीचं ‘अंथरली आहेत’. ‘असती’च्या जागी ‘आहेत’, एवढाच बदल. वस्त्रं अंथरली असती, स्वप्नं अंथरली आहेत. कवितेचा सगळा उतार या एका शब्दात मावतो.

अदलाबदल करून बघा

आपल्या प्रयोगात एकच घटक बदलून बाकी सगळं तसंच ठेवतात. इथेही ते करता येतं: आशय तोच ठेवा, फक्त क्रियापदाचं रूप बदला.

येट्सची बंद अट उघडी करा. ‘वस्त्रं मिळाली तर तुझ्या पायांखाली अंथरेन.’ लगेच हा माणूस आश्वासन देणारा झाला. गरिबी गेली, तिच्याबरोबर नम्रपणाही गेला, आणि पुढची ‘पण’ची ओळ अनाठायी ठरली.

किपलिंगची उघडी अट बंद करा. ‘तुला डोकं शांत ठेवता आलं असतं, वाट बघता आली असती, तर तू मोठा झाला असतास.’ उपदेश संपला, बोलणी सुरू. विचार तेच, पण आता ही कविता कुणी मुलाला वाचून दाखवू नये.

तिसरा बदल मला सगळ्यात आवडला. ‘करू शकलास तर’च्या जागी ‘तुला करता आलं तर’ ठेवा. परीक्षेचा ताण एकदम सैलावतो, कारण ‘तुला’ आल्यावर न जमण्यालाही जागा होते. कविता मऊ होते, पण तिची धारही जाते, आणि किपलिंगला ती धार हवी होती. म्हणजे अनुवादकाची ही निवड निव्वळ शैलीची म्हणता येणार नाही; त्या बापाचा स्वभावच ती ठरवते.

अनुवादाचा आणखी एक पेच याच प्रयोगात सापडला. इंग्रजीत ‘इफ’ वाक्याच्या तोंडाशी असतो, त्यामुळे तो १३ वेळा घणासारखा वाजतो. मराठीत अटीचा भार शेवटी, ‘तर’वर. १३ वेळा ‘तर’ लिहिला तर १३ वेळा दार उघडून आत न गेल्यासारखं होतं. सगळे ‘तर’ गाळून एकच शेवटी ठेवला तर मधली ३० ओळींची वाट धरून ठेवायला ‘जर’ पुन्हा पुन्हा लिहावा लागतो, आणि तो बोलण्यातला राहत नाही. मामांनी पाठवलेल्या अनुवादात दर ओळीला ‘जर तू’ होतं. भावाला ते आरोपपत्रासारखं वाटलं असेल तर नवल नाही.

न सांगितलेलं वाक्य

पण फक्त अनुवादाला दोष देऊन चालणार नाही. उघड्या अटीत एक जुनं कोडं लपलेलं आहे.

तर्कशास्त्रात ‘क झालं तर ख होईल’ यावरून ‘क झालं नाही तर ख होणार नाही’ असं निघत नाही. ‘अंगण धुतलं तर ओलं होईल’ हे खरं आहे, पण न धुता पावसानेही ते ओलं होईल. आमच्या पहिल्याच वर्गात ही चूक करू नका म्हणून बजावतात. तरीही बोलण्यात आपण ती सर्रास करतो, आणि करायचीच असते. आई म्हणाली, ‘अभ्यास केलास तर खेळायला सोडेन’, तर अभ्यास न केल्यास काय होईल ते प्रत्येक पोराला कळतं. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वाक्य हा निष्कर्ष सांगत नाही, पण त्याचं आमंत्रण देतं.

किपलिंगच्या कवितेत या आमंत्रणाचं काय होतं बघा. अटी १३, आणि फळ म्हणजे सारी पृथ्वी आणि वर पुरुषपण. एवढ्या अटी कोण पुऱ्या करणार? एखादी चुकणारच. मग कवितेने न म्हटलेलं वाक्य वाचणारा स्वतःच पुरं करतो: मला हे जमलं नाही, म्हणजे मी ते झालो नाही. कवितेत शिक्षा कुठेच लिहिलेली नाही, तरी ती ऐकू येते.

उलट अट एकटीच ठेवली, ‘तर’चा भाग कापला, की हा धाक जातो. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर खेळाडू जिथून आत जातात तिथे याच कवितेतल्या दोन ओळी लावलेल्या आहेत, विजय आणि आपत्ती यांना सारखंच वागवण्याबद्दलच्या. तिथे फक्त अट आहे, मुख्य वाक्य नाही. व्याकरणाने ते वाक्य अपुरं आहे, पण कुणाला अडखळायला होत नाही. मराठीतही आपण हे रोज करतो. ‘जरा सरकलात तर…’ ही विनंती झाली. ‘पाऊस थांबला असता तर…’ ही इच्छा झाली. उघडी अट अर्धी सोडली की विनवणी होते, बंद अट अर्धी सोडली की हळहळ होते. बक्षीस गेलं की धमकीही जाते. कोर्टवरच्या त्या दोन ओळी मला पूर्ण कवितेपेक्षा दयाळू वाटतात त्या यामुळेच.

मग मामा सांगत होते की बोलत होते?

स्क्रीनशॉट पुन्हा बघितला तेव्हा मेसेजची वेळ दिसली. मामांनी तो निकालाच्या आदल्या रात्री टाकला होता. भावाने तेव्हा ग्रुप उघडलाच नव्हता. त्याने तो वाचला निकाल कळल्यावर.

आदल्या रात्री सगळ्या अटी उघड्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला फळ माहीत होतं, आणि ऐकणाऱ्याला फळ माहीत असेल तर ‘शकलास तर’ हे ‘शकला असतास तर’ असंच ऐकू येतं. कागदावरचं क्रियापद बदललं नव्हतं, ते वाचणाऱ्याच्या बाजूने बदललं. माझ्या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. क्रियापदाखाली रेघ मारून कवितेने कोणता सूर लावला ते कळतं. तो कोणत्या वेळी कानावर पडला ते कवितेबाहेर जाऊन बघावं लागतं. अशा कवितेवर काम करणार असाल तर दोन्ही नोंदी ठेवा, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

भावाला मी यातलं गाइस-झ्विकी वगैरे काही सांगितलं नाही. फक्त मेसेजची वेळ बघायला सांगितली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: “बाबांना सांग, जमलं तर रात्री फोन करतो.”

‘जमलं तर.’ कर्ता नाही, दार उघडं. मी ते तसंच मामांना पाठवलं.